नळीतलं पिवळं पाणी

आमच्या लॅबमध्ये पेशंटना फोन करायचं काम ताईंकडे आहे. पूर्वी त्या रक्त घ्यायच्या. हात थरथरायला लागला तेव्हा कोणी सांगायची वाट न बघता त्यांनी सुई खाली ठेवली आणि फोनपाशी येऊन बसल्या. मी आत यंत्रावर असतो. हात स्थिर राहत नाही म्हणून त्या फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. मी त्यांना रेडिओ म्हणतो, त्या मला खडूस म्हणतात. दोघांचंही चुकत नाही.

"काळजी करू नका" हे शब्द ताई कधीच वापरत नाहीत. ते ऐकलं की धडधाकट माणूसही खुर्ची शोधतो, असं त्यांचं म्हणणं. आणि सगळं ठीक आहे असंही त्या म्हणत नाहीत, कारण तपासणीच झाली नसेल तर ते कुणाला माहीत? जे झालंय तेवढंच त्या सांगतात.

त्या दिवशी एका काकूंचं रक्त तपासण्यासारखं नव्हतं. ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू केल्यावर डॉक्टरांनी पोटॅशियम बघायला सांगितलं होतं. घरी जाऊन रक्त घेणाऱ्या आमच्या माणसानं बारीक शिरेतून जोरात ओढलं असणार. पेशी खाली बसाव्यात म्हणून नळी यंत्रात गरगर फिरवून काढली तर वरचं पाणी लालभडक. रक्तातल्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. असा आकडा देणं म्हणजे उगाच घाबरवणं. मी नमुना बाजूला ठेवला.

ताईंनी फोन लावला. "काकू, लॅबमधून बोलतेय. रिपोर्ट अजून झालेला नाही. रक्त घेतानाच नळीत फुटलं, चूक आमची आहे. नमुना परत घ्यावा लागेल. पैसे नाहीत, उपाशी यायची गरज नाही, पण आजच या, म्हणजे डॉक्टरांचं अडणार नाही."



"मुलानं सांगितलंय ना असं बोलायला?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्या वेळीही हेच होतं. नळी खराब झाली, परत द्या. किडनी गेली होती त्यांची. पहिल्याच नळीत कळलं होतं, खात्रीसाठी परत घेतलं. मुलानं आम्हा दोघांपासून लपवलं. मी नाही येणार."

माझा तर संताप झाला. एवढं सरळ सांगून काय उपयोग? पण ताई चिडल्या नाहीत. त्यांचा आवाज मात्र खाली आला.

"नका देऊ रक्त. पण येऊन तुमची नळी तरी बघा. ती मी फेकू देत नाही."

काकू आल्या. मुलाला त्यांनी बाहेरच बसवलं. ताईंनी त्यांची नळी समोर ठेवली, आणि शेजारी दुसऱ्या कुणाची, नावावर पट्टी लावलेली. एकीत लाल पाणी, दुसरीत स्वच्छ पिवळं.

"असं पिवळं हवं," ताई म्हणाल्या. "तुमचं लाल झालंय, म्हणून यंत्रावर लावलंच नाही. आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही."

काकूंनी दोन्ही नळ्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. मग गुपचूप बाही वर केली. ह्या वेळी मीच रक्त घेतलं. स्पिरिट वाळू दिलं, मूठ उघडझाक करू दिली नाही, चांगली शीर धरली आणि हळू ओढलं. रक्त गोठून नळी फिरेपर्यंत काकू हलल्या नाहीत. बघितल्याशिवाय जाणार नाही, म्हणाल्या.

नळी बाहेर आली. पाणी पिवळं होतं. मला हायसं वाटलं, पण काकूंचा चेहरा उतरला.

"ह्यांची पहिली नळीही अशीच चांगली असेल ना?"

"ती मी पाहिली नाही, काकू," ताई म्हणाल्या.

"अशीच असणार." त्या नळीकडेच बघत होत्या. "त्यांनी मात्र ते खराब नळीचं शेवटपर्यंत खरं मानलं. एकदा नीट भरली की सुटलो, म्हणायचे. दवाखान्यात कोणी सुई घेऊन आलं की आपणहून हात पुढे करायचे. शुद्ध हरपत होती तरी करायचे."

 ताईंनी टेबलावरचे दोन्ही हात मांडीवर घेतले.

काकूंचं पोटॅशियम योग्य आलं, डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली. मुलगा त्यांना घेऊन गेला. जिना उतरताना त्याने धरलेला हात काकूंनी सोडवून घेतला, हे मी खिडकीतून पाहिलं.

माझा खडूसपणा तसाच आहे. पण आता एखादा म्हातारा न सांगता बाही सरकवून हात पुढे करतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. जाताना काकूंनी सांगितलेलं त्यांच्या नवऱ्याचं वाक्य मला ऐकू येतं. प्रत्येक सुईवाल्याला ते हेच म्हणायचे, अगदी प्रेमानं:

"ह्या वेळी नीट भर हं, बाळा."