काळी वर्तुळं

सांगलीतल्या शेतीमाल खरेदी संघात मी आकडेमोडीची कारकून होते. साठ-पासष्टचा काळ. मूळचे आम्ही कुंडलचे. वडिलांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होते. वस्तीतून कचेरीत टेबल मिळालेली पहिली मुलगी मीच. त्यामुळे "मला कळलं नाही" हे वाक्य मी कचेरीत कधी उच्चारलं नव्हतं.

एक दिवस साहेबांनी माझ्यासमोर पोस्टकार्डाएवढा फोटो ठेवला. पुण्याच्या प्रशिक्षणात त्यांनी एका परदेशी मासिकाचं पान पाहिलं होतं. मासिक बाहेर देत नव्हते, म्हणून पानाचा फोटो काढून आणला होता. पाठीवरच्या पाच फवारणी पंपांचा तो तक्ता होता. फवारा, गळती, वजन, पट्टे, दुरुस्ती अशा रकान्यांत आकडे नव्हते, नुसती वर्तुळं होती. काही पूर्ण काळी, काही अर्धी, काही पोकळ.

"उद्या सभा आहे," साहेब म्हणाले. "सभासदांना गोळे बघून काही कळायचं नाही. गुण करून द्या, म्हणजे बेरीज करता येईल."

मी भिंग घेऊन बसले. भरलेल्याला दोन, अर्ध्याला एक, पोकळाला शून्य. एका पंपाच्या दुरुस्तीच्या घरावर फोटोत चकाकी पडली होती, काहीच दिसत नव्हतं. तिथं मी शून्य लिहिलं नाही, आडवी रेघ मारली. तो पंप मागं पडू नये म्हणून बेरजेऐवजी सगळ्यांची सरासरी काढली, त्याची चारच घरांवर. या बारकाव्याचा मला केवढा अभिमान वाटला!

वर्तुळांचा अर्थ सांगणारी तळाची ओळ मात्र फोटोत कापली गेली होती. काळं म्हणजे चांगलं, हे मीच धरून चालले. एका जागी पेन थांबलं होतं. नावाखाली प्रत्येक पंपाचं वजन छापलेलं होतं, आणि सगळ्यांत जड पंपाला वजनाच्या रकान्यात पूर्ण काळं वर्तुळ होतं. जड पंपाला पैकीच्या पैकी कसे? उठून साहेबांना विचारायला हवं होतं. पण मी विचारलं नाही. परदेशातली माणसं धिप्पाड असतील, अशी स्वतःची समजूत घातली आणि दोन लिहून टाकले.

तोच पंप पहिला आला. संघानं तो घेतला आणि गावोगाव पाठवला.

तीन आठवड्यांनी पुण्याहून पूर्ण पानाचा मोठा फोटो टपालानं आला. तळाशी इंग्रजीत लिहिलं होतं की वर्तुळ जितकं भरलेलं, तितकी तक्रार जास्त. अर्ध्यांचा एक तसाच राहत होता. बाकी दोनाचं शून्य, शून्याचे दोन. माझा पहिला पंप शेवटचा होता. गळतीतही त्याला काळं वर्तुळ होतं.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "सुधारित तक्ता म्हणून नवीन टाईप करा. पंप परत मागवू. कोणाची चूक, हे लिहायची गरज नाही."

मी तसंच केलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी एसटीनं कुंडलला गेले. माझे चुलते घरी पालथे पडले होते. पंप मालकाच्या नावावर येतो, पण पाठीवर घेतो तो मजूर, हे मी गावची असून त्या तक्त्यासमोर विसरले होते. टाकीच्या तळातून औषध झिरपून त्यांच्या कमरेवर फोड आले होते. चुलती खोबरेल लावत होती.

"तात्या, लय दुखतंय का?"

"आता न्हाई येवढं. आगं, ती मशीन माघारी नेली म्हणं. मालक सांगत हुता, हापिसात कुणीतरी चूक धरली. तूच आसशील, व्हय?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तात्यांनी त्याचा हो धरला. शेजारी आला तर त्याला म्हणाले, "आमच्या पोरीनं धरली चूक. न्हाईतर आजून किती जणांच्या पाठी सोलल्या आसत्या!"

मी चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परतले.

फोड बरे झाले, तिथली कातडी मात्र पांढरी राहिली. तात्या पुढं सात-आठ वर्षं जगले आणि ती गोष्ट येईल त्याला सांगत राहिले. मी समोर असले की आवाज चढवून सांगायचे. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी चारचौघं असायची.

ते गेल्यानंतर मी चुलतीला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही.

"त्यास्नी सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "ते काय रागावलं नसतं."

मग सूप माझ्याकडे सरकवून ती पाणी आणायला गेली.