पडलेली आकृती

कोल्हापुरात शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. चाचणीच्या मूळ कागदावर मी वर्तुळांची आकृती डिंकानं चिकटवली होती, ती झेरॉक्सच्या दुकानात गळून पडली. मुलांपुढं उरलं एवढंच: पन्नास जण, प्रत्येक जण चहा किंवा कॉफी पितो, दोन्ही पिणारे किती? चहावाले पस्तीस, कॉफीवाले पंचवीस, हे आकडे आकृतीतच गेले. गणित सुटणं शक्यच नव्हतं. तरी निम्म्या वर्गानं दहा लिहिलं, आणि उत्तर दहाच होतं.

पेपर फुटला म्हणून आधी झेरॉक्सवाल्याला झापलं. मग दहा लिहिणाऱ्यांतल्या, हुपरीहून येणाऱ्या एका मुलीला उभं केलं.

"आकृती कुणी दाखवली?"

"कुणीच न्हाय, सर. तुमच्या गणितात दोन्ही पिणारे कायम दहाच असत्यात. हेडसरांच्यात बारा."