मशीन म्हणालं, हात उचलला

चिखलीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली लेथ चालतात, वर आम्ही मशीनच्या कंट्रोल कार्डांचे प्रोग्राम लिहितो. खालची मंडळी म्हणतात, "मजा आहे राव तुमची, एसीत बसून टकटक." एसी कधीचा बंद आहे, पण सांगून कोण ऐकतंय.

त्या हिवाळ्यात चाकणच्या एका कारखान्यातून तक्रार आली. तिथल्या एका छोट्या प्रेसवर आमचं कार्ड होतं. प्रेसचं काम सोपं. चालवणारीनं दोन्ही हात दोन बटणांवर ठेवायचे, दांडा खाली येऊन बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवतो, वर जातो आणि हिरवा दिवा लागतो. मध्येच हात काढला तर वायरिंगच दाब तोडतं, कारण बोटं वाचली पाहिजेत. पण सकाळच्या शिफ्टला दांडा अधूनमधून खालीच थांबायचा, कार्ड आपोआप रिसेट व्हायचं, दांडा वर जायचा आणि पडद्यावर मराठीत यायचं: बटण लवकर सोडले. तो नग भंगारात.

प्रेस चालवणारी बाई लातूरकडची होती, ठेकेदाराकडून कामाला. मशीन बसवायला मी गेले तेव्हा तिनंच मला पहिल्यांदा डब्यातली भाकरी खाऊ घातली होती. आता मला बघताच तिच्या डोळ्यात पाणी आलं. "म्याडम, म्या हात न्हाई वो उचलत. देवाशपथ."

लाइनचा इन्चार्ज शेजारीच उभा होता. "मशीन खोटं बोलतं का, मॅडम? समोर लिहून येतंय. चौथा दिवस आहे, आता ठेकेदाराला सांगून बदलतो हिला."

मी त्याला म्हटलं, जरा थांबा. मग मी स्वतः तिच्या जागेवर बसले आणि दोन्ही तळवे बटणांवर असे दाबून धरले की मनगटं दुखायला लागली. बरेच नग नीट गेले. मग एकदा दांडा खाली गेला तो तिथंच राहिला. माझे हात जागच्या जागी होते. कार्ड रिसेट झालं आणि पडद्यानं मलाही सांगितलं, बटण लवकर सोडले. अंगावर काटाच आला माझ्या. इन्चार्ज हसून म्हणाला, "बघा, तुम्हालाही जमेना!"

मी डोकं खाजवत ऑफिसला परतले. टेबलावर कार्ड जोडलं, दांडा तळाला पोचल्याचं सांगणाऱ्या सेन्सरच्या जागी एक वायर घेतली आणि हातानं टेकवत राहिले. प्रत्येक वेळी बरोबर. कुठं अडकतंय ते बघावं म्हणून सेन्सरची वाट बघत तेच तेच तपासणाऱ्या लूपमध्ये एक ओळ छापायचा हुकूम टाकला, तो प्रोग्राम चाकणच्या मशीनवर चढवला, आणि दोष गायब. हुकूम काढला की दोष हजर. माझे वरिष्ठ म्हणाले, "मग राहू दे ना तो हुकूम. चालतंय ना? धाडून दे!" आमच्याकडे अशीच रीत आहे. आमच्या जुन्या प्रोग्रामांत असे कितीतरी बिनकामाचे हुकूम आहेत, आणि शेजारी लिहिलेलं आहे: हे काढू नये.

पण मला ते सोसवेना. आमच्या ओळी मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरनं त्यांचं जे काही केलं होतं ते मी उघडून वाचायला घेतलं, आणि कपाळावर हातच मारला.

दांडा तळाला पोचला की सेन्सर इंटरप्ट देतो. चालू काम तिथंच थांबतं, हँडलर नावाचा छोटा प्रोग्राम पळतो, फ्लॅगमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका खुणेच्या जागी, शून्याऐवजी 'एक' लिहितो आणि परत जातो. इकडे मुख्य प्रोग्राम आधी पडदा रंगवतो, म्हणजे त्यावर अक्षरं उमटवतो, मग 'फ्लॅग एक झाला का, झाला का' बघत बसतो. आता कंपाइलरला इंटरप्ट माहीत नसतो. तो बघतो, या लूपमध्ये तर फ्लॅगला कोणी हात लावत नाही, मग पुन्हा पुन्हा मेमरीत कशाला जायचं? तो एकदाच वाचतो. तेव्हा शून्य असेल तर नंतर हँडलरनं लाख वेळा एक लिहावा, लूप आपला त्याच जुन्या शून्यावर गोल गोल फिरणार. छापायचा हुकूम मध्ये घातला की कंपाइलर घाबरतो, त्या हुकमात फ्लॅग कोणी बदलला तर, म्हणून पुन्हा वाचतो. फ्लॅगच्या आधी volatile एवढा एक शब्द लिहिला असता तर त्याला समजलं असतं की हा तुझ्या पाठीमागे बदलू शकतो, दर वेळी जाऊन खरोखर बघ. फ्लॅग एका बाइटचा, एका दमात वाचता येईल एवढा छोटा होता, तेवढं पुरलं असतं.

एरवी दांडा इतका झपकन जायचा की पडदा रंगेपर्यंत फ्लॅग एक झालेला असायचा. थंडीत सकाळी तेल घट्ट. दांडा जरा रेंगाळला की फ्लॅग उशिरा, आणि तोवर कंपाइलरची नजर गोठलेली. शेवटी वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर कार्डाला ढकलून उठवणारा टायमर, रिसेट करायचा. उठलेल्या कार्डाला एवढंच दिसायचं की काम अर्धं राहिलंय. आणि अर्धं काम म्हणजे हातच उचलला, हे आमच्यातल्या तो प्रोग्राम लिहिणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं. आपला प्रोग्राम अडकेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग टेबलावर का चालायचं? टेबलावर ऑप्टिमायझेशन बंद असायचं, कंपाइलर हुशारी करायचा नाही. कारखान्यात जाणाऱ्या प्रोग्रामात ते चालू करावं लागलं, कारण मेमरी भरली होती आणि त्यानं प्रोग्राम आखूड होतो. आणि मेमरी भरली कशानं? मराठी अक्षरांनी. प्रेस चालवणाऱ्या बायकांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांची सोय व्हावी म्हणून आम्ही ती घातली होती. काय सोय केली हो आम्ही!

तो शब्द घालून नवीन फाइल पाठवली. वरिष्ठांनी मेलमध्ये 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं. मी भांडले. "खरं कारण लिहिलं तर ऑर्डर जाईल," ते म्हणाले, "आणि इथल्या सगळ्यांची घरं तू चालवशील का?" मग मीच इन्चार्जला फोन लावून सगळं सांगितलं. "मॅडम, तिच्या जागी दुसरी लागली पण. आता मी वर काय सांगू, आमचं चुकलं? तुमचीच कंपनी म्हणते किरकोळ सुधारणा." कोणाला सांगायचं, आणि सांगून काय उपयोग?

त्या बाईची खोली इथंच चिखलीत निघाली. एका रविवारी गेले. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, "ताई, चूक तुमची नव्हती. आमच्या प्रोग्रामची होती. मी डोळ्यांनी बघितलंय." मला वाटलं होतं, ती रडेल, चिडेल, आम्हाला चार शिव्या हासडेल. मी त्याची तयारी करूनच गेले होते.

ती ओट्याकडे बघत राहिली. "तुमी मनाला लावून घेऊ नका, म्याडम," ती मलाच समजावू लागली. "उचलत आसंल म्याच. कळत न्हाई मानसाला. आता घरी बी बघते की, हात उचलतोय का त्ये." आणि तिनं दोन्ही तळवे ओट्याच्या फरशीवर ठेवले, घट्ट दाबले आणि त्यांच्याकडे टक लावून बघत बसली. चहा उतू गेला तरी तिनं हात काढले नाहीत.