आईचं रात्रीचं पाणी

चोर मागच्या दारानं आले. पिंगळीच्या स्टेशनापासून आमचं घर जवळ आहे आणि रात्री मालगाडी गेली की दीड-दोन मिनिटं दुसरं काही ऐकू येत नाही. त्या आवाजात त्यांनी कोयंडा उचकटला. गाडी गेल्यावर मी जागा झालो, तेव्हा आईच्या खाटेच्या पायथ्याशी एक जण उभा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सळई. "म्हातारे, ओरडू नको," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, दुकानात सामान मागावं तसा. दुसरा दारात थांबला होता. आईनं गळ्यातली पोत स्वतःच काढून दिली. मी अंथरुणात बसून होतो आणि माझे हात हलत नव्हते. कुणाला मार लागला नाही.

अशा बातम्या मी बरीच वर्षं लिहिल्या आहेत. "घरातील मंडळी झोपेत असल्याची संधी साधून" हे शब्द हात आपोआप टाईप करतो. आमच्या घरची बातमी दुसऱ्या वार्ताहरानं दिली. त्यातही ते शब्द होते.

घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. दुसऱ्या दिवशी मी मागचं दार नवं बसवलं, आतून कडी आणि कडीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या उशीखाली. एक लोखंडी पाईप खाटेला टेकवून ठेवला. झोपण्याआधी पुढचं दार, मागचं दार आणि खिडकीची खिट्टी, एवढं तपासायचं असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात दोनदा तपासायचो. मग मालगाडी गेली की उठू लागलो, कारण ती जाताना मला दार ऐकू येत नसे. मग कुत्रं भुंकलं की. मग काहीच वाजलं नाही तरी. वही केली आणि प्रत्येक वेळची नोंद लिहू लागलो: दार, वेळ, स्थिती. स्थितीच्या रकान्यात सगळीकडे "बंद" होतं. तरी अंथरुणावर पडलो की वाटायचं, कुलूप ओढून बघितलं होतं का नुसतं बघितलं होतं.

आमचा संडास अंगणाच्या टोकाला आहे. आईला साखरेचा त्रास असल्यामुळे रात्री दोन वेळा तरी उठावं लागतं. एका रात्री मला नुकता डोळा लागला होता. मला उठवायला नको म्हणून तिनं हळूच माझ्या उशीखाली किल्लीसाठी हात घातला. मी तिचं मनगट धरलं आणि पाईप उचलला.

"मी हाय," ती म्हणाली. "मीच हाय रे."

पाईप खाली ठेवायला मला थोडा वेळ लागला. पुढचे काही आठवडे ती रात्री उठलीच नाही. मी वहीत तशी नोंद केली: आई शांत झोपते.

मग तिला ताप आला. लघवीला जळजळ होत होती, ते तिनं तीन दिवस सांगितलं नव्हतं. परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली आणि विचारलं, "मावशी, पाणी किती पिता?"

"पिते की."

"किती?"

"दिवस मावळंपर्यंत पिते. मग न्हाई."

"का बरं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "रातच्याला जावं लागतंय बाहेर. ह्यो पाईप घिऊन उठतोय. एकांद्या दिशी डोस्क्यात घालायचा माझ्या."

ती हसली. डॉक्टर हसले नाहीत. आईसाठी औषध लिहून दिलं, पाणी तोडायचं नाही म्हणून बजावलं आणि मला त्याच इमारतीत समुपदेशक बाईंकडं पाठवलं.

त्या खोलीत दोन खुर्च्या आणि फाईलींचं कपाट होतं. मी सोबत वही नेली होती. बाईंनी ती शेवटपर्यंत चाळली.

"एकदाही उघडं सापडलं का?"

"नाही."

"तपासून आल्यावर बरं किती वेळ वाटतं?"

"पाचेक मिनिटं."

"त्या पाच मिनिटांसाठीच तुम्ही पुन्हा उठता. आणि उठलात म्हणून वाचलात, असं शरीर शिकतं." त्यांनी वही मिटली. "ही बंद करा."

इतका मोठा धक्का बसल्यावर शरीराचा पहारा चालू राहणं वेडेपणा नाही, असं त्या म्हणाल्या. तो हळूहळू उतरवायचा. महिना उलटूनही हे असंच आहे, म्हणून मानसोपचार डॉक्टरांचीही वेळ घेऊन दिली. घरी करायचं ते कागदावर लिहून दिलं: झोपताना एकदाच तपासायचं, हात लावून, मोठ्यानं बोलून. नंतर उठावंसं वाटलं तर लगेच उठायचं नाही. पाय फरशीवर टेकवायचे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मग दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायची, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. दिवसा, मन ठीक असताना सराव करायचा, म्हणजे रात्री आठवतं. भीती जाणार नाही, खाली येईल, तेवढं बघायचं.

"आणि किल्ली उशीखाली नको. पाईप तर नकोच."

दिवसा जमलं. रात्री फसलं. पाच गोष्टी दिसल्या, चार हाताला लागल्या, आणि तीन आवाज शोधायला लागलो तसा मी परत दार ऐकत बसलो. पत्रा तडकला. अंगणात काहीतरी घासलं. तीनदा उठलो.

पुढच्या भेटीत हे सांगितलं. बाईंनी कागदावरचे आवाज खोडले. "तुमचे कान आधीच ड्यूटीवर आहेत. त्यांना आणखी काम नको. रात्री फक्त हात आणि पाय वापरा."

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती.

"म्हंजे मी उठले तर तू खाटंवरच बसणार?"

"प्रयत्न करतो."

"आन् मी बोलू का नको?"

"बोल. उठलीस की आधी बोल."

"बरं. पर किल्ली मला दिसंल तिथं ठिव." तिनं दाराजवळचा खिळा दाखवला. "आन् त्यो पाईप भंगारवाल्याला दी, न्हाईतर मीच देते."

त्या रात्री जेवल्यावर ती पेलाभर पाणी प्यायली, माझ्यासमोर. मी पुढचं दार, मागचं दार, खिट्टी एकदा हात लावून तपासली, तिन्ही वेळा "बंद" म्हणालो आणि किल्ली खिळ्याला अडकवली. पाईप घरात नव्हता. त्यामुळे हात सारखा खाटेच्या कडेला जात होता.

मालगाडी आली. मी उठून बसलो. पाय खाली टेकवले. फरशी गार होती. खाटेची नवार मांडीपाशी उसवली होती. चादरीच्या काठाला जाड शिवण होती. श्वास लांब सोडला, परत सोडला. गाडीचा आवाज लांब गेला आणि मागच्या दाराशी कुलूप वाजलं.

"मी हाय," आई म्हणाली. "चाल्ले."

दार उघडलं. बाहेरची हवा पायांना लागली. ती येईपर्यंत दार उघडंच राहणार होतं. बाईंनी ह्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी शिवण बोटांनी चाचपत राहिलो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत पहिल्या टोकापर्यंत. दाराकडं बघितलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण जागचा हललो नाही.

चपला वाजल्या. "आले," ती म्हणाली. कडी लागली, कुलूप लागलं.

"जागाच हायस?"

"हो."

"लावलंय मी. झोप आता."

तिनं कुलूप ओढून बघितलं होतं का, ते मला दिसलं नव्हतं. विचारावंसं वाटलं. ती खाटेवर पडली, कूस बदलली, आणि थोड्या वेळात घोरू लागली. मी बराच वेळ पाय खाली सोडून बसलो होतो. मग पाय वर घेतले. कुलूप बघायला उठलो नाही. झोप लागली तेव्हा पत्र्याच्या फटीतून उजेड दिसू लागला होता.