वीस रुपयांवर पोच फुकट

आमच्या जव्हारच्या दुकानातला हमाल लबाड होता, असं पेठेतली म्हातारी माणसं अजून सांगतात. तो लबाड नव्हता. त्याला काय मिळणार, ते दुकानाच्या पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं.

संस्थान विलीन झाल्यावर कचेऱ्यांत बाहेरगावचे कारकून आले. माझे वडील माल घरी पोचवायची हमाली गिऱ्हाईक बघून सांगत. कारकुनांना ते पटेना. रोज वाद व्हायचा. मी तेव्हा नुकता शाळा संपवून गल्ल्यावर बसू लागलो होतो. मीच पाटी रंगवली: पेठेत एक आणा, नाक्यापलीकडच्या सरकारी घरांना चार आणे, जामसरला बारा आणे. दहा रुपयांवर माल घेतला तर निम्मी हमाली, वीसवर फुकट. वाद थांबले. वडिलांनी मला पेढा आणून दिला.

हमाल सूर्यमाळकडचा होता, कावडीने माल न्यायचा. गिऱ्हाईक देईल ती हमाली हीच त्याची कमाई, दुकानाचा पगार नव्हता. म्हणजे माल सर्वांत जड असेल त्या दिवशी त्याला काहीच मिळायचं नाही. हे माझ्या लक्षात पहिल्याच महिन्यात आलं. वडिलांना म्हटलं, "वीसच्या वरची हमाली आपण द्यायला हवी."

"तो मागेल तेव्हा बघू," वडील म्हणाले.

त्याने मागितलं नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

मग नाक्यापलीकडे राहणाऱ्या एका कारकुनाची बायको दुकानात आली. "काय हो शेठ, तुमचाच माणूस म्हणतो, बाई, आज एवढंच घ्या, तेल-गूळ परवा आणतो. दोनदा आणून माझे चार आणे गेले की!"

वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "माझा धंदा तोडतोस काय रे?"

"नाय शेठ. दोन खेपांत ओझं हलकं व्हतं. निम्म्या हमालीचे दोन-दोन आणे मिळतात. एका खेपंत काय मिळत नाय."

"ऐका! दुकान आमचं, हिशेब याचा!" गिऱ्हाइकं हसली.

तो माझ्याकडे बघत राहिला. पाटी मी रंगवली हे त्याला माहीत होतं. तेव्हा शिडी त्यानेच धरली होती. मी तराजूचं पारडं पुसत बसलो. त्याने कावड भिंतीला टेकवली आणि गेला.

नंतर वडिलांनी दुसरा माणूस पगारावर ठेवला. पाटी तशीच राहिली, माझं कौतुकही.

एका बाजाराच्या दिवशी तो जुना हमाल मीठ आणि सुकी मासळी घ्यायला आला. वडिलांनी चेष्टा केली, "काय पाव्हणं, माल घरी पोचवायचा का?"

"माजा गाव तुमच्या पाटीवर नाय, शेठ," तो म्हणाला, आणि गाठोडं डोक्यावर घेऊ लागला. ते जड होतं. हात लावायला मी गल्ल्यावरून अर्धा उठलो. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, तसा पुन्हा बसलो.