भट्टीची किल्ली

वीस वर्षं शेंगदाणे निवडणाऱ्या मावशीला कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणत. तिथेच खरेदी विभागात लागलेल्या तिच्या भाच्याने नव्या मालाचा फोटो पाठवला. तिने तो बोटांनी मोठा केला. दाणे सुरकुतलेले, काळपट, फटींत हिरवट-पिवळी भुकटी. तिचं डोकं फिरलं. ती तडक भट्टीच्या खोलीच्या दाराशी भाच्याकडे गेली.

"बुरशी लागलीय. परत पाठव."

"खरपूस भाजू, मावशी. कूट केल्यावर कुणाला कळतंय?"

"भाजून बुरशी मरते, तिचं विष उरतंच. ते लिव्हर खातं."

"मग खराब तेवढे वेच."

"चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं, गाढवा. प्रयोगशाळेशिवाय कळत नाही."

भाचा तरीही पोतं आत ओढू लागला. मावशीने भट्टीच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि पोत्यावर बसली.

"आता मला भाज."