बिलासोबतचा फोटो

डोळखांबच्या बचत गटाची अध्यक्ष बायडी. सरकारी खात्याच्या शिबिराचं जेवण तिच्या गटानंच रांधलं. बिल ईमेलनं पाठवायला तिची मुलगी नम्रता शहापूरच्या सायबर कॅफेत बसली. बिल परत येऊ नये म्हणून तिनं मजकुरातच सोबतच्या कागदांची यादी लिहिली: कार्यादेशाची प्रत, सही-शिक्क्याचं बिल, जेवणाऱ्यांची हजेरी, पासबुकाचं पहिलं पान, अध्यक्षांसह स्वयंपाकाचा फोटो. सगळं स्कॅन करून जोडलं. फोटोत मात्र आई कडेला उभी होती, विटक्या लुगड्यात, राखेनं माखलेली. कॉलेजात शिकणाऱ्या नम्रताला ते साहेबांपुढे जाणं नको वाटलं. तिनं तेवढी कड कापून टाकली.

आठवड्याभरात बिल परत आलं. शिबिरात बायडीला भेटलेल्या साहेबांनी शेरा मारला होता: फोटोत अध्यक्ष दिसत नाहीत.

या खेपेला बायडीही सोबत आली. नम्रतानं अख्खा फोटो उघडला.

"ह्योच धाडला व्हता ना?"

"नाय आये. त्यात तू नव्हतीस."

"मी तर हाय कडेला."

नम्रता खाली मान घालून कागद जोडत राहिली. बायडीनं आपल्या लुगड्याकडे एकदा पाहिलं.

"पुढच्या टायमाला मी मधी उभी रायीन," ती म्हणाली. "मंग कापता नाय येणार."